नोकरी देणारी कंपनी, घरमालक आणि विमा कंपनी यांना आपला सिबिल रिपोर्ट किती दिसतो?

मनीषा_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची सातारा येथील एका खासगी वित्त कंपनीत शाखा लेखापाल म्हणून निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्याला रुजू व्हायचे आहे. त्याआधी उमेदवारांची माहिती पडताळणाऱ्या एका त्रयस्थ संस्थेकडून त्याला एक लिंक आली आहे. त्या लिंकवर पॅन क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरला की त्याचा क्रेडिट रिपोर्ट त्या संस्थेला मिळतो, असे त्यावर लिहिले आहे. दुसरी गोष्ट अशी की, गोडोलीत त्याने जी खोली पाहिली, तिच्या मालकांनी अनामत रकमेबरोबरच "सिबिलची पूर्ण पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा" असे सांगितले आहे.

सिबिल फक्त बँका पाहतात असे आम्ही आजवर समजत होतो. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या दोघांना तो पाहण्याचा अधिकार आहे का? आपण दिला नाही, तर ते परस्पर काढू शकतात का? आणि त्यांना त्यात नेमके काय काय दिसेल? भावाच्या स्वतःच्या नावावर थकीत कर्ज नाही, परंतु रिपोर्टमध्ये एक गोष्ट अशी आहे जिची त्याला धास्ती वाटते. तिच्याबद्दल सविस्तर नंतर लिहीन.

विनायक_मिरज

ताई, यात विचार करण्यासारखे काहीच नाही. क्रेडिट रिपोर्ट कायद्याने फक्त बँका आणि वित्त कंपन्या पाहू शकतात. घरमालकाने किंवा नोकरी देणाऱ्याने तो मागणेच बेकायदेशीर आहे. सरळ नकार द्यावा आणि त्रास दिला तर पोलिसांत तक्रार करावी.

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात अठ्ठावीस वर्षे काम केले आहे आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षे हे रिपोर्ट रोज वाचण्यात गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विनायकराव, आपले निम्मे म्हणणे बरोबर आहे. या विषयाचा कायदा २००५ सालचा असून, सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांनी साठवलेली माहिती कोणाला पाहता येईल हे त्यात आणि रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या विनियमांत ठरवून दिलेले आहे. बँका, वित्त कंपन्या, गृहकर्ज संस्था आणि सहकारी बँका त्यात आहेतच. परंतु विमा कंपन्या, मोबाइल कंपन्या, पतमानांकन संस्था आणि सेबीकडे नोंदलेले शेअर दलाल यांचीही नावे त्या विनियमांत आहेत. तेव्हा "फक्त बँका" हे म्हणणे टिकत नाही. नोकरी देणारी कंपनी आणि घरमालक मात्र त्या यादीत नाहीत, आणि तिथे आपले म्हणणे बरोबर आहे. तुमच्या भावाचा रिपोर्ट त्यांना स्वतःच्या अधिकाराने काढता येणार नाही.

परंतु मागणे बेकायदेशीर आहे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्वतःचा रिपोर्ट काढण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि तो काढून कोणाला द्यायचा हेही त्यानेच ठरवायचे असते. पडताळणी संस्थेच्या लिंकमध्ये नेमके हेच घडते. भाऊ ओटीपी भरतो तेव्हा तो स्वतःच आपली माहिती मागवतो आणि ती त्या संस्थेला देण्यास संमती देतो. म्हणून ओटीपी भरण्याआधी संमतीचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. माहिती कोणाला जाणार, कोणत्या कारणासाठी जाणार आणि किती काळ ती पुन्हा पुन्हा काढता येणार, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. काही ठिकाणी संमती सहा महिन्यांची घेतात. नोकरीसाठी एकदा पाहायचे असेल, तर सहा महिन्यांची गरज काय, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आता एक गोष्ट, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. बँक जेव्हा आपला रिपोर्ट काढते, तेव्हा तिला इतर कर्जांच्या रकमा, हप्ते आणि थकबाकी दिसते, परंतु ती कर्जे कोणत्या संस्थेची आहेत हे दिसत नाही. त्या रकान्यात `NOT DISCLOSED` असे छापलेले येते. आपण स्वतः काढलेल्या रिपोर्टमध्ये मात्र प्रत्येक संस्थेचे नाव असते. म्हणजे भावाने स्वतःची पीडीएफ घरमालकाला पाठवली, तर कर्ज देणाऱ्या बँकेलाही जे दिसत नाही ते त्या घरमालकाला दिसेल. पहिल्याच पानावर जन्मतारीख, पॅन, असेल तर मतदार ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा क्रमांक, आजवर कर्जाच्या अर्जांवर लिहिलेले सगळे मोबाइल क्रमांक, ईमेल आणि जुने-नवे पत्ते असतात. एखाद्याच्या नावाने परस्पर कर्जाचा अर्ज भरायला जे जे लागते, ते जवळपास सगळे त्या एका पानावर असते. असा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला की तो पुढे कुठे कुठे फिरेल, यावर आपला काहीही ताबा राहत नाही. मला काळजी वाटते ती या गोष्टीची. स्कोअर दाखवण्यात तितके बिघडत नाही.

सुमन_आष्टा

माझाही सिबिलचाच प्रश्न आहे. यजमानांनी गावातल्या पतसंस्थेतून २,००,००० रुपये उचलले होते. दोन वर्षे ते थकले आणि आता पूर्ण फेडले आहेत. त्यांचा स्कोअर वाढण्यासाठी काय करावे? आणि घरमालकाला पतसंस्थेचे कर्ज दिसेल का? आम्ही स्वतःच्या घरात राहतो, तरीही विचारून ठेवते.

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

सुमनताई, स्कोअर वाढवण्याचा विषय वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढलात तर मी तिथे जरूर लिहीन. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इथे उपयोगी आहे. आपल्या भागातल्या पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात. या कायद्याखाली क्रेडिट माहिती कंपन्यांना माहिती पाठवणाऱ्या संस्थांत त्या सर्वसाधारणपणे येत नाहीत, त्यामुळे पतसंस्थेचे कर्ज बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये दिसतच नाही. नागरी सहकारी बँकेचे आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेचे थेट कर्ज दिसते. यजमानांचा रिपोर्ट एकदा काढून पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो, आणि स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर कमी होत नाही.

मनीषा_विश्रामबाग (सांगली)

काका, मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून रिपोर्ट काढला. पहिल्या पानावर भावाचे चार पत्ते आहेत, आणि त्यात कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या जुन्या कंपनीचाही एक आहे. दोन मोबाइल क्रमांक आहेत, त्यांतला एक त्याने तीन वर्षांपूर्वीच बंद केला आहे.

आता धास्तीची गोष्ट लिहिते. आमचे मामा पलूस तालुक्यात ऊस करतात. त्यांनी एका वित्त कंपनीकडून ट्रॅक्टरसाठी ६,२०,००० रुपये कर्ज घेतले, त्याला भाऊ जामीनदार आहे. हप्ता सहा महिन्यांनी ८४,२०० रुपये असा आहे. गेल्या वर्षी १० जानेवारीचा हप्ता उसाचे बिल लांबल्यामुळे मामांना वेळेवर भरता आला नाही. तो त्यांनी ७ एप्रिलला दंडासह भरला आणि त्यानंतरचे सगळे हप्ते वेळेवर गेले आहेत. भावाने स्वतः त्या कर्जातला एक रुपयाही वापरलेला नाही. तरीही त्याच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसते, पुढे `Guarantor` असे लिहिलेले आहे, आणि खालच्या महिनावार चौकटींत `021`, `049`, `080` आणि मग `000` असे आकडे आहेत. नोकरी देणाऱ्या कंपनीला हे असेच दिसेल का? आणि याचा अर्थ ती काय लावेल?

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

हो, असेच दिसेल. जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज त्याच्या स्वतःच्या कर्जांच्या ओळीतच येते. फरक फक्त त्या एका शब्दाचा असतो, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच सुटतो.

त्या चौकटी समजून घ्या. प्रत्येक चौकट एका महिन्याची असते आणि त्या महिन्याच्या अखेरीस हप्ता देय तारखेपासून किती दिवस मागे होता हे ती सांगते. १० जानेवारीचा हप्ता ३१ जानेवारीला २१ दिवस मागे होता, २८ फेब्रुवारीला ४९ दिवस आणि ३१ मार्चला ८० दिवस. ७ एप्रिलला पैसे भरले गेले, म्हणून एप्रिलच्या चौकटीत शून्ये आली. हा तपशील तुमच्या सांगण्याशी तंतोतंत जुळतो, म्हणजे नोंद बरोबर आहे आणि तिच्याविरुद्ध हरकत घेण्याचे कारण नाही. मागच्या ३६ महिन्यांच्या चौकटी रिपोर्टमध्ये राहतात, तेव्हा हे तीन आकडे अजून काही काळ दिसतच राहतील.

वाचणारा माणूस जाणता असेल, तर तो दोन गोष्टी पाहील. पहिली, आकडा ९० च्या पुढे गेला का. तो गेला असता, तर खाते अनुत्पादित ठरले असते आणि गोष्ट खरोखर गंभीर झाली असती. दुसरी, आजची थकीत रक्कम किती. ती शून्य आहे. परंतु पडताळणी संस्थेत बसलेला मुलगा दिवसाला पन्नास फाइली पाहतो आणि त्याच्यापुढे "६० दिवसांपेक्षा जास्त उशीर आहे का, हो किंवा नाही" अशी एक ओळ असते. तो "हो"वर खूण करील आणि पुढच्या फाइलकडे वळेल. म्हणून कंपनीने विचारण्याची वाट न पाहता भावाने आजच दोन कागद मिळवावेत. ट्रॅक्टरच्या वित्त कंपनीकडून, खाते नियमित असून थकबाकी शून्य आहे आणि आपण केवळ जामीनदार आहात, असे पत्र घ्यावे, आणि मामांच्या खात्याचा उतारा घ्यावा, ज्यात ७ एप्रिलची भरणा नोंद दिसेल. हे दोन्ही आणि चार ओळींचा खुलासा ओटीपी भरण्याच्या दिवशीच मनुष्यबळ विभागाला ईमेलने पाठवावा. नकाराचा शेरा एकदा बसल्यावर तो पुसून घेण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे पडते.

काय दिसणार नाही तेही सांगतो, कारण त्याबद्दल उगाच भीती असते. बचत खात्यातली शिल्लक, ठेवी, शेअर, रोजचे व्यवहार, घरभाडे, आजारपण, विम्याच्या पॉलिसी, यांतले काहीही या रिपोर्टमध्ये नसते. सोनेतारण कर्ज मात्र असते, आणि दागिने सोडवून आणले तरी त्याची नोंद बंद खाते म्हणून दिसत राहते.

घरमालक_सदरबझार (सातारा)

मी स्वतः तीन खोल्या भाड्याने देतो आणि भाडेकरूंकडे सिबिल मागतो, तेव्हा आमची बाजूही मांडतो. मागच्या एका भाडेकरूने सात महिन्यांचे भाडे बुडवले, विजेचे बिल थकवले आणि रात्रीत सामान हलवले. पोलीस पडताळणीत फक्त गुन्हा आहे की नाही एवढेच कळते, पैशांच्या बाबतीत माणूस कसा आहे ते कळत नाही. सिबिलवर ते कळते. पीडीएफ कोणी दिली नाही, तर मी पॅन क्रमांक घेतो. माझा भाचा एका फायनान्स कंपनीत आहे, तो पाच मिनिटांत काढून देतो. त्यात कोणाचे काय नुकसान होते, ते मला कळत नाही.

रोहिणी_कराड

काय नुकसान होते, ते मी सांगते, कारण माझ्याच बाबतीत हे घडले आहे.

दोन वर्षांपूर्वी सांगलीत घर भाड्याने घेताना मालकांनी पॅन आणि आधारची छायाप्रत मागितली, ती मी दिली. चार महिन्यांनी गृहकर्जासाठी बँकेत गेले, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले की, तुम्ही दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे वैयक्तिक कर्ज मागितले होते, ते नाकारले गेले का? घरी येऊन स्वतःचा रिपोर्ट काढला, तेव्हा शेवटच्या चौकशीच्या भागात मी कधी न ऐकलेल्या एका वित्त कंपनीचे नाव, उद्देश `Personal Loan`, रक्कम ५०,००० आणि तारीख भाडेकराराच्या दोन दिवस आधीची, अशी ओळ सापडली. मी कर्ज मागितलेच नव्हते. परंतु बँकेच्या दृष्टीने मी ते मागितले होते आणि मला ते मिळाले नव्हते. ते पटवून देताना मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि मंजुरीला तीन आठवडे उशीर झाला.

क्रेडिट माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर मी त्या ओळीविरुद्ध तक्रार नोंदवली. चोवीस दिवसांनी ती ओळ काढून टाकल्याचे कळवले गेले, कारण फक्त "संस्थेकडून अनवधानाने" एवढेच दिले. कोणी काढला आणि कोणासाठी काढला, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. ज्यांनी हे केले असावे, त्यांच्याच घरात मी तेव्हा राहत होते, त्यामुळे तोंडावर विचारण्याचे धैर्यही झाले नाही.

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

रोहिणीताई, आपण हे लिहिलेत ते फार चांगले केलेत.

घरमालक साहेब, आपली अडचण खरी आहे आणि सात महिन्यांचे भाडे बुडणे ही लहान गोष्ट नाही. तरीही भाच्याला हे काम सांगू नका, अशी आपणास कळकळीची विनंती करतो. वित्त कंपनीला रिपोर्ट काढण्याचा अधिकार तिच्या स्वतःच्या कामासाठी असतो. पडद्यावर उद्देश निवडल्याशिवाय आणि रक्कम भरल्याशिवाय तो निघत नाही, म्हणून भाच्याला तिथे कर्जाचा खोटा अर्ज दाखवावा लागतो. रोहिणीताईंच्या ५०,००० रुपयांचे मूळ बहुधा असल्याच एखाद्या प्रकारात असावे. २००५ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अनधिकृतपणे अशी माहिती मिळवणाऱ्याला प्रत्येक गुन्ह्यासाठी १,००,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो प्रकार चालूच राहिला, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०,००० रुपयांपर्यंत. हा दंड "जो मिळवतो" त्याला आहे, तेव्हा त्यात आपणही येऊ शकता. भाच्याची नोकरी जाईल ती वेगळीच. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणाचा रिपोर्ट कधी काढला, याची नोंद त्याच्या लॉगिनवर राहते.

दुसरे असे की, आता हे पूर्वीइतके गुपचूप होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून, एखाद्या संस्थेने रिपोर्ट काढला आणि त्याची चौकशी म्हणून नोंद झाली की, संबंधित व्यक्तीला एसएमएस किंवा ईमेलने सूचना जाते. मनीषाताई, इथे तुमच्या भावाचा तो बंद पडलेला क्रमांक महत्त्वाचा ठरतो. सूचना नोंदीतल्या क्रमांकावर जाते. जुनाच क्रमांक असेल, तर ती त्याच्यापर्यंत कधी पोहोचणार नाही, आणि तो क्रमांक आता दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, तर त्याला पोहोचेल. ज्या बँकेत किंवा वित्त कंपनीत त्याचे खाते चालू आहे, तिथे क्रमांक बदलून घ्यावा, म्हणजे पुढच्या माहितीबरोबर नवा क्रमांक वर जाईल.

घरमालक_सदरबझार (सातारा)

उद्देश आणि रक्कम भरावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. भाच्याला आजच फोन करून विचारले, तर तो गप्पच झाला. हे मी इथून पुढे करणार नाही. परंतु मग भाडेकरूची पैशांच्या बाबतीतली विश्वासार्हता मी पाहायची तरी कशी? "मालकाला काही दाखवू नका" एवढेच उत्तर असेल, तर ते मला मान्य नाही.

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

तसे मी म्हणत नाही. भाडेकरूने समोर बसून स्वतःच्या मोबाइलवर रिपोर्ट उघडून दाखवावा, स्कोअर आणि थकीत रकमेचा रकाना आपण डोळ्यांनी पाहावा, आणि कागद मात्र ठेवून घेऊ नये. त्याला कागदच द्यायचा असेल, तर पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक आणि पत्ते झाकून फक्त सारांशाचे पान द्यावे आणि त्यावर "केवळ गोडोली येथील खोलीच्या भाडेकरारासाठी" असे तारखेसह आडवे लिहावे. शिवाय आपण ज्या गोष्टीला घाबरता, ती या रिपोर्टमध्ये नसतेच. भाडे बुडवल्याची नोंद इथे होत नाही. सात महिने भाडे बुडवणाऱ्याचा स्कोअर उत्तम असू शकतो, आणि उसाचे बिल लांबल्यामुळे ज्याचा हप्ता चुकला, तो भाडे पाच तारखेच्या आत देणारा असू शकतो. आधीच्या घरमालकाला एक फोन केलात, तर त्यातून अधिक कळेल.

प्रदीप_सांगली

माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडे नोकरी देणारी कंपनी रिपोर्ट पाहते, परंतु तिला स्कोअर दिसत नाही. नकार द्यायचा असेल, तर आधी रिपोर्टची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. आपल्याकडेही तसेच असणार. मनीषाताईंनी कंपनीला तो नियम दाखवावा.

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

प्रदीपराव, आपण सांगता ते तिथे खरे आहे. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात नोकरी देणाऱ्याने उमेदवाराची लेखी परवानगी घेणे आणि नकाराआधी प्रत देणे बंधनकारक आहे. परंतु आपला २००५ चा कायदा नोकरी देणाऱ्याला यादीतच घेत नाही, म्हणून त्याच्यावर असे बंधनही त्यात घातलेले नाही. तिथला नियम इथे दाखवून उपयोग होणार नाही. उमेदवाराचा ओटीपी घेऊन आलेल्या रिपोर्टमध्ये स्कोअरही असतो. कोणत्या कारणाने नाकारले, हे इथे आपणच विचारून घ्यावे लागते.

विमा_सल्लागार_विटा

विम्याबद्दल माझा अनुभव सांगतो. मुदत विम्याचा प्रस्ताव अर्ज भरताना शेवटी बारीक अक्षरांत जी घोषणा असते, तिच्यात काही कंपन्या क्रेडिट माहिती मागवण्यास संमती घेतात. ग्राहक तिथे न वाचता सही करतो, आणि खरे सांगायचे तर आम्ही सल्लागारही ते वाचून दाखवत नाही. शाहूपुरी काकांनी लिहिल्याप्रमाणे विमा कंपनी त्या यादीत आहे, म्हणून तिला पीडीएफ मागावी लागत नाही.

माझ्या एका ग्राहकाने १,००,००,००० रुपयांच्या विम्यासाठी महिना ७०,००० रुपये उत्पन्न लिहिले. काही दिवसांनी कंपनीने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली, आणि तुमच्या चालू कर्जांचे हप्तेच महिना ५२,००० रुपये आहेत, ते लिहिलेल्या उत्पन्नाशी जुळत नाहीत, असा प्रश्न केला. त्याने कर्जांचा उल्लेख अर्जात कुठेही केलेला नव्हता. शेवटी विमा ६०,००,००० रुपयांचा मंजूर झाला. आजाराची माहिती कंपनी रिपोर्टमधून काढते, असा एक समज ग्राहकांत आहे. तो चुकीचा आहे, ती वैद्यकीय तपासणीतूनच कळते. रिपोर्टमधून ते माणसाचे उत्पन्न आणि त्याने मागितलेली विमा रक्कम यांचा मेळ पाहतात, असे मला दिसले आहे.

विनायक_मिरज

म्हणजे विमा कंपनी अर्जातल्या संमतीवर परस्पर पाहू शकते आणि घरमालक मात्र आपल्याकडे मागूनच पाहू शकतो. माझी समजूत उलटी होती. पोलीस तक्रारीचा सल्ला मी मागे घेतो.

वाईकर_परीक्षार्थी

मी आयबीपीएसची लिपिक पदाची परीक्षा देत आहे. जाहिरातीत, रुजू होताना उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा, असे कलम आहे. माझे शैक्षणिक कर्ज वडिलांनी गेल्या वर्षी पूर्ण फेडले, परंतु रिपोर्टमध्ये अजून ११,४०० रुपये थकीत दिसतात. सरकारी बँक थेट नकार देऊ शकते का?

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

बँकेतली नोकरी हा वेगळाच प्रकार आहे. बँक इथे एकाच वेळी नोकरी देणारी आणि यादीतली संस्था असते, आणि तिने ही अट जाहिरातीत आधीच सांगितलेली असते. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक प्रतिकूल क्रेडिट नोंदींमुळे रद्द केली तो निर्णय योग्य ठरवला. त्या उमेदवाराचे म्हणणे होते की त्याने सर्व देणी चुकती केली आहेत. तेव्हा अट हलक्यात घेऊ नका.

परंतु तुमच्या बाबतीत नोंदच चुकीची दिसते. आयबीपीएसच्या कलमात, नोंद सुधारून घ्या किंवा बाकी नसल्याचा कर्जसंस्थेचा दाखला आणा, असा मार्ग दिलेला आहे. दाखला आजच घ्या आणि क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तुमच्या दृष्टीने भरपाईपेक्षा तक्रारीची तारीख महत्त्वाची आहे, कारण रुजू होण्याआधी तुम्ही प्रयत्न केला होता, याचा तो पुरावा ठरतो. मात्र एका कंपनीकडे नोंद सुधारली म्हणून दुसरीकडे ती सुधारली असेल असे समजू नका. अशा चार कंपन्या आहेत आणि बँक त्यांपैकी कोणाचाही रिपोर्ट काढू शकते.

मनीषा_विश्रामबाग (सांगली)

थोडी पुढची हकीकत कळवते. ट्रॅक्टरच्या वित्त कंपनीने पत्र द्यायला चार दिवस लावले, आणि पहिल्या पत्रात भावाचा उल्लेख "कर्जदार" असा केला होता. ते परत करून "जामीनदार" असे दुरुस्त करून घेतले. मामा स्वतः पलूसहून खात्याचा उतारा घेऊन आले. हे सगळे माझ्यामुळे झाले, असे ते सारखे म्हणत होते, आणि भाऊ त्यांची समजूत काढत होता.

लिंकवरची संमती एक वर्षाची होती. भावाने ईमेलने विचारल्यावर पडताळणी संस्थेने एकदाच पाहण्याची दुसरी लिंक पाठवली, आणि काल ती भरून झाली. दोन्ही कागद आणि खुलासा मनुष्यबळ विभागाला त्याच दिवशी पाठवले आहेत. "मिळाले" एवढेच उत्तर आले आहे, बाकी काही कळलेले नाही. गोडोलीच्या घरमालकांनी रिपोर्ट मोबाइलवर पाहून खोली द्यायचे मान्य केले. मात्र त्यांनी पॅनची छायाप्रत ठेवून घेतली आहे. त्यावर भावाने तारीख आणि कारण आडवे लिहून दिले आहे, आणि जुना मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज सोमवारी बँकेत देणार आहोत.

काका, एक शेवटचे विचारायचे राहिले. मामांच्या कर्जाचे अजून चार हप्ते बाकी आहेत. जामीनकी मधेच दुसऱ्या कोणाच्या नावावर करून घेता येते का?

शाहूपुरी_निवृत्त (सातारा)

वित्त कंपनीने लेखी मान्य केले तरच येते, आणि तितक्याच ऐपतीचा दुसरा जामीनदार द्यावा लागतो. जामीनकी सुटली, तरी मागच्या त्या तीन चौकटी रिपोर्टमधून जाणार नाहीत. चारच हप्ते उरले असतील, तर हप्त्याच्या आधीच्या आठवड्यात मामांना एक फोन करणे मला अधिक सोयीचे वाटते. पुढचा हप्ता कधी आहे, ते कळवा.